जुन्या व्हिडिओला उशिरा आलेला बहर सर्चचाच का?

*ताई, माझा शिलाई मशीन दुरुस्तीचा चॅनेल आहे. खालचा धागा गुंततो त्यावर काय करायचं, असा व्हिडिओ दोन वर्षांपूर्वी टाकला होता. तो रोज नऊ-दहा व्ह्यूजवर पडून होता, गेल्या तीन महिन्यांत रोज साठच्या वर गेला. मी शीर्षक, थंबनेल काहीच बदललेलं नाही. हे सर्चमधून येतंय असं मला वाटतं, पण खात्री कशी करायची? तसेच आणखी व्हिडिओ करायचा विचार आहे, म्हणून विचारते. गेल्या नव्वद दिवसांचे, त्याआधीच्या नव्वद दिवसांचे आकडे आणि सर्चमधल्या शब्दांची यादी सोबत पाठवली आहे.*
*– एक वाचक*

तुमचे आकडे दोनदा नीट बघितले. पहिल्या साठ दिवसांतली वाढ सर्चनेच आणली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेवटच्या तीस दिवसांत मात्र तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. पुढचे व्हिडिओ ठरवण्याआधी ही दोन्ही पाणी तुम्हाला वेगळी दिसायला हवीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकूण व्ह्यूजची रेघ नव्वद दिवस टक लावून बघितली तरी माणसं कुठून आली हे ती सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. माझा एक जुना व्हिडिओ असाच तीन आठवडे चढत होता. सर्चच असणार असं धरून मी त्याच विषयावर आणखी चार व्हिडिओ केले, त्यात दोन महिने गेले. नंतर स्रोत उघडून बघितले तर जवळजवळ सगळे व्ह्यूज दुसऱ्या एका मोठ्या व्हिडिओच्या शेजारी माझा व्हिडिओ दिसत होता म्हणून आलेले. त्या व्हिडिओची चलती संपली आणि आठवड्याभरात माझा व्हिडिओ होता तिथे परत आला. त्या चार व्हिडिओंना कुणी विचारलं नाही, कारण तो प्रश्न मुळात कुणी टाइपच करत नव्हतं.

तुम्ही आकडे कसे काढले ते लिहिलेलं नाही, म्हणून माझी पद्धत सांगते. संगणकावर Studio उघडायचं, त्या एका व्हिडिओच्या Analytics मध्ये जायचं आणि तिथून Advanced mode मध्ये. वर Traffic source निवडायचं आणि मुदत Last 90 days ठेवायची. मग तारखा हाताने टाकून त्याआधीचे नव्वद दिवस वेगळे काढायचे. ओळी बऱ्याच दिसतील, पण आपल्याला मुख्यतः YouTube search, Suggested videos, Browse features आणि External एवढ्याच लागतात. YouTube advertising अशी ओळ दिसली तर ते जाहिरातीचे पैसे देऊन आलेले व्ह्यूज असतात, ते बाजूला काढूनच हिशोब सुरू करायचा.

आलेख रोजचा न ठेवता आठवड्याचा ठेवा. रोजच्या रेघेला सुट्टीच्या दिवसांचे दात असतात आणि त्यात खरा चढ हरवून जातो. पण आठवड्याच्या आलेखातही एक फसवणूक आहे. नव्वद दिवस म्हणजे बारा आठवडे आणि वर सहा दिवस, त्यामुळे एका किंवा दोन्ही टोकांचा आठवडा अपुरा पडतो आणि तिथे रेघ कोसळल्यासारखी दिसते. शिवाय अगदी ताजे आकडे पूर्ण यायला एक-दोन दिवस जातात. टोकाचे आठवडे निष्कर्षात धरूच नका.

नव्वद दिवसच का, हेही सांगते. अठ्ठावीस दिवसांत चढ दिसतो, पण तो टिकला का हे कळत नाही. Suggested मधून आलेली लाट तीन-चार आठवडे सहज चालते आणि तेवढ्यात ती सर्चच्या वाढीसारखीच दिसते. नव्वद दिवसांचे तीस-तीसचे तीन तुकडे केले की पहिल्या तुकड्यात मिळालेलं दुसऱ्याने राखलं का आणि दुसऱ्याचं तिसऱ्याने राखलं का, हे बघता येतं. प्रश्न टाइप करणारी माणसं रोज नवी असतात, म्हणून सर्चची वाढ पायरीसारखी असते: चढते आणि तिथेच उभी राहते.

आता तुमचे आकडे. आधीच्या नव्वद दिवसांत एकूण ८१० व्ह्यूज, त्यातले सर्चचे ४१०. नंतरच्या नव्वद दिवसांत एकूण ३,३६० आणि सर्चचे २,२००. म्हणजे जे २,५५० व्ह्यूज जास्तीचे आले, त्यातले १,७९० सर्चने आणले. दर दहा नव्या व्ह्यूजमधले सात. माझ्या मते बघायचा आकडा हाच: एकूणात सर्चचा वाटा किती, यापेक्षा वाढीत सर्चचा वाटा किती. एकूणातला वाटा कधीकधी उगाच वाढलेला दिसतो. बाकीचे स्रोत आटले तर सर्चमध्ये एकही माणूस न वाढता त्याची टक्केवारी चढते.

उलटही होतं, आणि ते तुमच्याच आकड्यांत दिसतंय. तीस-तीस दिवसांचे तुकडे पाडले तर सर्चचे व्ह्यूज २९०, मग ७८०, मग १,१३०. त्याच काळात एकूण ४२०, १,०८० आणि १,८६०. टक्केवारी काढली तर सर्चचा वाटा आधी ६९, मग ७२ आणि शेवटी ६१. फक्त टक्के बघणाऱ्याला वाटेल की शेवटच्या महिन्यात सर्च ओसरलं. प्रत्यक्षात सर्चने त्या महिन्यात सर्वांत जास्त माणसं आणली. वाटा घटला तो Suggested एकदम फुगलं म्हणून: ५० वरून १९० आणि १९० वरून थेट ५८०.

मघाशी मिसळलंय म्हणाले ते हेच. दुसऱ्या महिन्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात ७८० व्ह्यूज जास्त आले. त्यातले ३५० सर्चचे आणि ३९० Suggested चे. शेवटची पायरी अर्धी तुमच्या हाताबाहेरची आहे. त्यातही क्रम लक्षात घ्या. आधी सर्च चढलं, आणि Suggested महिनाभर मागून आलं. बऱ्याचदा असंच घडतं: लोक शोधून व्हिडिओवर येतात, बघतात, मग यूट्यूब तो तशाच इतर व्हिडिओंच्या शेजारी दाखवायला लागतं. Suggested आधी उसळलं असतं आणि सर्च मागून आलं असतं, तर मी तुम्हाला थांबायला सांगितलं असतं.

Suggested videos ही ओळ उघडून तिच्या आत कोणते व्हिडिओ आहेत ते एकदा बघा. वीस-पंचवीस वेगवेगळ्या व्हिडिओंवरून थोडी थोडी माणसं येत असतील तर ती वाढ बऱ्यापैकी टिकाऊ समजा. एकाच व्हिडिओवरून तीनशे आले असतील तर तो आधार कधीही निघेल. तसं झालं आणि Suggested पुन्हा महिन्याला १९० वर आलं, तर बाकी सगळं आहे तसं राहून तुमचा आकडा रोज ४९ च्या आसपास बसेल. तेव्हा व्हिडिओ पडला असं समजून शीर्षक बदलायला धावू नका. आधी सर्चची ओळ बघा. ती तिथेच असेल तर काही बिघडलेलं नाही.

शब्दांच्या यादीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण खात्री खरी तिथे होते. YouTube search या ओळीवर क्लिक केलं की लोकांनी काय टाइप करून तुमचा व्हिडिओ उघडला ते दिसतं. अगदी कमी वेळा आलेले शब्द तिथे दाखवले जात नाहीत, त्यामुळे यादीची बेरीज एकूण सर्चशी जुळणार नाही. त्यावर डोकं शिणवू नका. बघायचं ते हे की आधीच्या नव्वद दिवसांतली यादी आणि आताची यादी एकच आहे का.

तुमची एक नाही. आधी सर्वांत वर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ होतं, ९५ व्ह्यूज, आणि ‘मशीन खालचा धागा गुंततो’ याचे फक्त ४०. आता ‘मशीन खालचा धागा गुंततो’ ५१० वर आहे, आणि त्याच्या खाली इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं silai machine khalcha dhaga हे ३४० वर. यूट्यूब या दोन ओळी वेगळ्या मोजतं, पण प्रश्न एकच आहे; आपण त्या एकत्र धरायच्या, म्हणजे ८५०. सर्चच्या २,२०० व्ह्यूजमध्ये एकट्या या प्रश्नाचे ८५० तरी आहेत. अघळपघळ शब्दावरून नेमक्या प्रश्नाकडे झालेली ही सरक मला सगळ्यांत बोलका पुरावा वाटते. तुमचा व्हिडिओ ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, त्याच प्रश्नाला तो आता दाखवला जातोय.

याच यादीत एक धोक्याची खूणही असू शकते, तुमच्याकडे ती सुदैवाने लहान आहे. तुमच्या चॅनेलचं नाव टाइप करून आलेले २५ जण आहेत. ते सर्चमध्येच मोजले जातात, पण त्यांनी तुम्हाला सर्चमध्ये शोधून काढलेलं नाही. त्यांना तुमचं नाव आधीच माहीत होतं. कुणीतरी सांगितलं असेल किंवा एखाद्या गटात नाव फिरलं असेल. व्हिडिओचं पूर्ण शीर्षक जसंच्या तसं टाइप केलेलं दिसलं तरी तेच समजायचं. अशा ओळी यादीच्या वरच्या भागात आल्या, तर स्रोत म्हणून सर्च दिसेल आणि खरं कारण बाहेरच असेल.

आणि याच्या बरोबर उलटं External मध्ये घडतं. गूगलवर शोधून जे तुमच्या व्हिडिओवर येतात, ते YouTube search मध्ये मोजले जात नाहीत, External मध्ये जातात. तुमचा External तीन महिन्यांत ३५, ६० आणि ९० असा चढला आहे. ती ओळ उघडा. आत Google Search वर असेल तर तीही शोधण्याचीच वाढ आहे, मनातल्या हिशोबात सर्चमध्ये धरा. एखाद्या संकेतस्थळाचं किंवा मेसेज ॲपचं नाव वर असेल तर धरू नका.

इम्प्रेशन्सबद्दल थोडक्यात. सर्चच्या ओळीसमोर तुमचे इम्प्रेशन्स ५,१०० वरून २७,००० वर गेले आहेत आणि क्लिकचं प्रमाण ८ टक्क्यांवर जवळजवळ तसंच आहे. म्हणजे लोक तुमच्या थंबनेलवर आधीपेक्षा जास्त भुलत नाहीयेत, त्यांना ते पाचपट वेळा दिसतंय. तुम्ही काहीच बदललं नव्हतं, त्याच्याशी हे जुळतं. इम्प्रेशन्स तेवढेच राहून क्लिकचं प्रमाण वाढलं असतं, तर कुठेतरी शीर्षक किंवा थंबनेलला हात लागला असेल असं मी म्हटलं असतं.

पण पाचपट का दिसतंय? दोन शक्यता आहेत: तो प्रश्न विचारणारेच वाढले, किंवा विचारणारे तेवढेच आहेत आणि तुमचा व्हिडिओ निकालांत वर सरकला. Analytics हे दोन वेगळं करून सांगत नाही. यासाठी Google Trends उघडा, तिथे Web Search ऐवजी YouTube Search निवडा आणि तुमचे वरचे दोन-तीन शब्द टाका. शब्द फार कमी वापरातला असेल तर आलेख रिकामा येतो. मग ‘शिलाई मशीन’ असा मोठा शब्द टाकून बघा. तिथली रेघ सपाट असेल आणि तुमचे इम्प्रेशन्स चढत असतील, तर तुम्ही वर सरकला आहात. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर मागणीच वाढली आहे, आणि मागणी जशी वाढते तशी उतरतेही. स्वतःच्या फोनवर शोधून ‘मी पहिली येते’ यावर विसंबू नका. तुम्ही तो व्हिडिओ इतक्यांदा उघडला आहे की यूट्यूब तुम्हाला तो वरच दाखवेल.

एक आकडा तुम्ही पाठवलेला नाही आणि तो मला हवा होता: गेल्या वर्षीचे हेच नव्वद दिवस. व्हिडिओ दोन वर्षांचा आहे, म्हणजे तो काढता येईल. त्या काळातही सर्च असंच चढून नंतर उतरलं असेल, तर हा हंगाम आहे आणि तीन महिन्यांनी ओसरेल. गेल्या वर्षी तिथे रेघ सपाट असेल तर हंगामाची शंका मिटली. हे केल्याशिवाय नवीन व्हिडिओंचं काम काढू नका. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढचे नव्वद दिवस या व्हिडिओच्या शीर्षकाला, थंबनेलला आणि वर्णनाच्या पहिल्या ओळींना हात लावू नका. मोह होईल, कारण चाललेल्या व्हिडिओला आणखी चालवावं असं वाटतंच. पण आता काही बदललंत आणि आकडा हलला, तर तो तुमच्यामुळे हलला की आपोआप, हे कधीच कळणार नाही. शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या व्हिडिओची लिंक टाकायला किंवा हा व्हिडिओ एखाद्या प्लेलिस्टमध्ये घालायला हरकत नाही. प्लेलिस्टमधून आलेले व्ह्यूज वेगळ्या ओळीत पडतात आणि सर्चची ओळ स्वच्छ राहते. दर तीस दिवसांनी पाच आकडे वहीत उतरवा: एकूण, सर्च, Suggested, External आणि सर्चचे इम्प्रेशन्स. तारखा लिहिताना एवढं लक्षात ठेवा की यूट्यूबचा दिवस पॅसिफिक वेळेने बदलतो, त्यामुळे तुमच्या तारखेत आणि तिथल्या तारखेत एका दिवसाचा फरक पडू शकतो.

नवीन व्हिडिओंचं म्हणाल तर गेल्या वर्षीचा आकडा सपाट निघाला की एक लगेच करा, आणि तो कोणता हे तुमच्या यादीतच लिहिलेलं आहे. ‘बॉबिन केस कशी बसवायची’ असं टाइप करून १९० जण या व्हिडिओवर आले आहेत. तुमचा व्हिडिओ मी पूर्ण बघितला. त्यात बॉबिन केस तुम्ही ओघात काढता आणि बसवता, वीस सेकंदांत, तेही हाताच्या आडून. त्या १९० जणांना त्यांचं उत्तर धड मिळालेलं नाही आणि तरी ते आले, म्हणजे त्या प्रश्नाला मराठीत नीट उत्तर कमी असावं. कॅमेरा खालून लावा, केसचा दांडा कुठल्या खाचेत बसतो आणि बसल्यावर टक असा आवाज येतो तो ऐकवा.

शीर्षकात लोकांचाच शब्द ठेवा. तुम्ही व्हिडिओत बरोबर सांगता की खाली गुंता दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्याचा असतो, तो नीट ओवलेला नसतो किंवा त्याला ताण कमी पडतो. पण ‘वरच्या धाग्याचा ताण’ असं शोधत कुणी आलेलं तुमच्या यादीत मला दिसलं नाही. माणसाला गुंता खाली दिसतो, म्हणून तो ‘खालचा धागा’च टाइप करतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही शीर्षकात तेच शब्द ठेवलेत, म्हणून आज ८५० जण तुमच्यापर्यंत पोचले.

नव्या व्हिडिओचाही पहिल्या महिन्याचा आकडा बघून निकाल लावू नका. सुरुवातीचे व्ह्यूज तुमच्या सबस्क्रायबरांचे असतील, ते Browse features मध्ये दिसतील आणि ओसरतील. YouTube search ची ओळ चढतेय का, ते त्यानंतरच्या साठ दिवसांत बघा. गेल्या वर्षीचे आकडे काढलेत की मला कळवा, आणि Suggested च्या आत कोणते व्हिडिओ निघाले तेही.